पेपरची यादी काढून टाकली मग लिहायचं काय? लॅबमधून इंडस्ट्रीत जाणाऱ्यांसाठी रेझ्युमे, पायरीपायरीने

माझा पहिला रेझ्युमे नऊ पानांचा होता. खरंतर तो रेझ्युमे नव्हताच, पीएचडीपासून वाढत गेलेला सीव्ही होता, त्यात साडेतीन पानं नुसती पेपर आणि पोस्टरची, प्रत्येकाखाली लेखकांची लांबलचक रांग आणि त्यात माझं नाव ठळक अक्षरात. तोच उचलून सगळीकडे पाठवला आणि कुठूनच फोन आला नाही. शेवटी ओळखीतल्या एका सीनिअरला दाखवला, तो तेव्हा एका कंपनीत ॲसेची टीम सांभाळायचा. त्याने पहिलं पान वाचलं, बाकीची नुसती स्क्रोल केली आणि म्हणाला, "बरंच काम दिसतंय गं, पण तू आमच्याकडे आलीस तर सोमवारी सकाळी तुझ्या हातात कुठला प्रॉब्लेम द्यायचा ते मला यातून कळत नाहीये."

तेव्हा राग आला होता, पण त्याचं बरोबर होतं.

पेपरची यादी एवढंच सांगते की कुठल्यातरी जर्नलने काहीतरी स्वीकारलं. आठ लेखकांच्या पेपरात तिसरं नाव तुमचं असेल तर तुम्ही नेमकं काय केलंत हे बाहेरच्या माणसाला कळायला काही मार्गच नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेपर लिहिताना आपण अडचणी पुसून टाकतो. मेथड्समध्ये लिहितो "रिॲक्शन ३० मिनिटं रूम टेंपरेचरला ठेवली", जणू काही पहिल्या दिवसापासून तसंच ठरलेलं होतं, त्या ३० मिनिटांपर्यंत पोचायला चार महिने गेले हे कुठेच येत नाही. कंपनीतल्या मॅनेजरला मात्र त्या चार महिन्यांतच रस असतो. म्हणून रेझ्युमेचा माल पेपरात शोधू नका, लॅब नोटबुकात शोधा, आणि तेही जिथे पानंच्या पानं खाडाखोड आहे तिथे.

पायरी १: सीव्ही बंद करा, नोटबुक उघडा

नवीन कोरी फाइल घ्या. ही कुठेही पाठवायची नाहीये, फक्त तुमच्यासाठी आहे, त्यामुळे भाषा कशीही चालेल. पेपर एकेक करून घ्या (सगळे नको, जिथे हात तुमचे होते तेवढेच) आणि प्रत्येकासाठी पाच गोष्टी लिहा: काय अडलं होतं, का अडलं होतं असं तुम्हाला कळलं, तुम्ही काय बदललंत, बदलाआधी आणि नंतर आकडे काय होते, आणि तुमचं ते काम पुढे कोणी वापरलं किंवा त्यावरून कोणी काय ठरवलं.

शेवटचे दोन प्रश्न बहुतेकांना जड जातात. आकडे आठवत नाहीत असं सगळे म्हणतात, पण ते असतात. जुन्या ग्रुप मीटिंगच्या स्लाइड्समध्ये असतात, प्लेट रीडरच्या फाइल्समध्ये असतात, रीएजंटच्या ऑर्डरींच्या मेलमध्ये असतात, अगदी इन्स्ट्रुमेंट बुकिंगच्या कॅलेंडरवरूनसुद्धा कळतं की आधी आठवड्यातून पाच दिवस मशीन लागायचं आणि नंतर दोनच. दोन-तीन संध्याकाळी यात जातील, जाऊ द्या. पुढे सगळं यावरच उभं राहणार आहे.

पायरी २: एक पेपर पूर्ण उलगडून बघा

माझंच उदाहरण घेते, काही तपशील बदललेत पण गाभा असाच होता. जुन्या सीव्हीत एका पेपरची नोंद होती, शीर्षक साधारण "अमुक किनेज एन्झाइमचे कायनेटिक गुणधर्म आणि त्याच्या इनहिबिटरचा शोध" असं, मी पहिली लेखिका, जर्नल बरं. बस्स. एवढ्यावरून कोणाला काय कळणार?

आता नोटबुक काय म्हणते बघा. आमच्याकडे २,००० कंपाउंड्सचा एक संच होता आणि त्यातून या एन्झाइमला अडवणारी कंपाउंड्स शोधायची होती. ॲसे ९६ वेलच्या प्लेटवर चालायचा, १०० मायक्रोलिटरमध्ये. कॉलम १ आणि १२ मध्ये कंट्रोल आणि मधल्या ८० वेलमध्ये कंपाउंड्स, म्हणजे एकूण २५ प्लेट्स. रोज पाच झाल्या तरी आठवडा जायचा. पहिल्या फेरीत ४६ हिट आले, आम्ही खूश, आणि तेच ४६ परत करून पाहिले तर त्यातले फक्त ११ टिकले.

म्हणजे ॲसेवरच भरवसा नव्हता. अशा वेळी बघायचा आकडा म्हणजे झेड-प्राइम, १९९९ मध्ये हाय-थ्रूपुट स्क्रीनिंगसाठी मांडलेला आणि आजही त्या जगात रोज बोलला जाणारा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल एकमेकांपासून किती लांब आहेत आणि त्या मानाने दोघांत विखुरलेपणा किती आहे, हे तो एका आकड्यात सांगतो. १ म्हणजे आदर्श, ०.५ च्या वर म्हणजे चांगला ॲसे, ० ते ०.५ म्हणजे काठावरचा, आणि शून्याखाली गेला तर तो स्क्रीनिंगला घेऊच नका. आमच्या प्लेट्सचा हिशोब असा निघाला:

```
Z' = 1 - 3 × (SD_pos + SD_neg) / |mean_pos - mean_neg|

आधी:   1 - 3 × (1300 + 700) / (12000 - 3000) = 0.33
नंतर:   1 - 3 × (700 + 350)  / (12000 - 2500) = 0.67
```

०.३३ का होता? प्लेटवरचे आकडे रंगांत टाकून पाहिले तेव्हा कडेचे वेल वेगळे दिसले. ३७ डिग्रीला एक तास ठेवल्यावर कडेच्या वेलमधून पाणी जास्त उडून जात होतं, आणि आमचे कंट्रोल नेमके कडेच्याच दोन कॉलममध्ये बसलेले! म्हणजे ज्यांच्या जोरावर सगळं मोजायचं तेच सगळ्यात हलणारे. दुसरी भानगड, एन्झाइम इतकं कमी प्रमाणात होतं की ते प्लास्टिकला चिकटून बसायचं, आणि काही कंपाउंड्स पाण्यात गोळा होऊन एन्झाइमला उगाचच अडवायची, ते खरे इनहिबिटर नव्हतेच. मग बफरमध्ये ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घातलं, त्याने चिकटणं कमी झालं आणि गोळे बनणारी कंपाउंड्सही बरीच गळाली. प्लेटवर सील लावलं, रिॲक्शन रूम टेंपरेचरला ३० मिनिटांवर आणली, आणि हे सगळं स्थिर झाल्यावर ३८४ वेलवर गेलो, २५ मायक्रोलिटरमध्ये, प्लेटला ३२० कंपाउंड्स. २५ प्लेट्सच्या जागी ७ प्लेट्स, आठवड्याच्या जागी दोन दिवस, आणि दर वेलला एन्झाइम एक चतुर्थांश. तोच संच परत चालवला तेव्हा १८ हिट आले आणि १५ टिकले.

हे सगळं पेपरात कुठे होतं? सप्लिमेंटरीमध्ये एक परिच्छेद.

पायरी ३: गोष्टीची ओळ करा

आता या गोष्टीची दोन-तीन ओळींची बुलेट करायची. पहिल्या प्रयत्नात मी लिहिलं होतं:

> किनेज एन्झाइमसाठी ॲसे ऑप्टिमाइझ केला आणि हाय-थ्रूपुट स्क्रीनिंग केलं.

यात चूक काहीच नाही आणि कळत पण काहीच नाही. "ऑप्टिमाइझ केला" हे आपल्या सगळ्यांचं लाडकं क्रियापद, त्याच्या पोटात काहीही मावतं. दुसऱ्या प्रयत्नात मी दुसऱ्या टोकाला गेले:

> ॲसेच्या कामगिरीत १०० टक्के सुधारणा घडवून संपूर्ण स्क्रीनिंग प्रक्रियेचा कायापालट केला.

हे तर आणखी वाईट, कारण ०.३३ चा ०.६७ झाला म्हणून "१०० टक्के सुधारणा" म्हणणं म्हणजे ज्याला झेड-प्राइम कळतो त्याच्यासमोर स्वतःचं हसं करून घेणं. टक्केवारी लिहायची तर कशाची टक्केवारी ते सोबत हवं, आणि शक्यतो टक्केवारी लिहूच नका, आधीचा आणि नंतरचा आकडा सरळ द्या, वाचणारा आपलं आपण ठरवतो. शेवटी जी ओळ राहिली ती अशी:

> किनेज इनहिबिटर स्क्रीनमध्ये ४६ पैकी ११ च हिट पुनर्तपासणीत टिकत होते. कडेच्या वेलमधलं बाष्पीभवन आणि कंपाउंड्सचं गोळे बनणं ही कारणं शोधून ॲसे नव्याने बांधला आणि ९६ वरून ३८४ वेलवर नेला. झेड-प्राइम ०.३३ वरून ०.६७, १८ पैकी १५ हिट टिकले, २,००० कंपाउंड्सची फेरी ५ दिवसांऐवजी २ दिवसांत.

(रेझ्युमे जाणार असेल त्या भाषेत लिहा, मी इथे आपल्या सोयीसाठी मराठीत लिहितेय.)

क्रम बघा. आधी काय बिघडलं होतं, मग का, मग काय केलं, मग काय झालं. बरेच जण निकाल आधी टाकायला सांगतात आणि काही जागांसाठी ते बरोबरही आहे, पण शास्त्रज्ञाच्या जागेसाठी मला "का" हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आकडा सुधारणं नशिबानेही होतं, कारण शोधून सुधारलं म्हणजे हा माणूस दुसऱ्या ॲसेवरही तेच करेल असं समोरच्याला वाटतं. ट्रायटनची टक्केवारी, तापमान, मिनिटं हे मी बुलेटमध्ये घातलेलं नाही. ते इंटरव्ह्यूसाठी राखून ठेवायचं, ओळ वाचून त्यांनी "गोळे बनतायत हे कसं ओळखलंत?" असं विचारलं की तिथे बोलायचं.

ज्यात असा आकडाच नाही त्याचं काय

हा प्रश्न येणारच, कारण सगळंच काम असं सुटसुटीत नसतं. माझ्या अनुभवात लॅबमधल्या कामाचा परिणाम साधारण तीन रूपांत सापडतो, आणि आकडा त्यातल्या एकातच असतो.

एक म्हणजे वरच्यासारखं, वेळ किंवा माल वाचला किंवा मोजमाप भरवशाचं झालं. दुसरं, तुमची पद्धत दुसऱ्यांनी उचलली. तुमच्या प्रोटीन प्रेपचा प्रोटोकॉल तुम्ही गेल्यावरही लॅबमध्ये चालू आहे, शेजारच्या ग्रुपने घेतला, तीन जणांना तुम्ही शिकवला आणि त्यांचं यील्ड तुमच्याइतकंच आलं, हे अगदी लिहिण्यासारखं आहे. कंपनीत एका माणसाच्या हातालाच जमणारी पद्धत म्हणजे डोकेदुखी, दुसऱ्याच्या हाती देता येते तीच कामाची.

तिसरं रूप आपण लपवतो, ते म्हणजे काहीतरी थांबवलं. एका मालिकेतल्या कंपाउंड्सवर दीड वर्षं जाणार होतं, तुम्ही एक कंट्रोल प्रयोग करून दाखवलंत की तो सिग्नल कंपाउंडच्या स्वतःच्या फ्लूरोसन्सचा आहे आणि ती दिशा सोडली. ॲकॅडेमियात याचा पेपर होत नाही, म्हणून सीव्हीत ते कुठेच नसतं, अशी कामं आपण अपयश म्हणून विसरून जातो. इंडस्ट्रीत चुकीची दिशा लवकर सोडणं हे रोजचं काम आहे, त्याला वेगळ्या बैठका असतात, आणि "सहा आठवड्यांत तीन स्वतंत्र तपासण्या करून ही मालिका पुढे न नेण्याची शिफारस केली, ग्रुपने ती मानली" ही ओळ पाच पेपरांपेक्षा जास्त बोलते. माझ्या रेझ्युमेत अशी एकच ओळ होती आणि इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त वेळ त्याच ओळीवर गेला.

पायरी ४: जाहिरात वाचून तीच गोष्ट वळवा

पायरी १ च्या फाइलमध्ये आता सहा-सात गोष्टी असतील. प्रत्येक जागेसाठी त्यातल्या तीन-चार निवडायच्या, आणि एकच गोष्ट जागेप्रमाणे वेगवेगळ्या बाजूने सांगायची. खोटं काही नाही त्यात, कामच इतकं पसरट असतं की एका बुलेटमध्ये सगळं मावत नाही.

वरचा किस्सा ॲसे डेव्हलपमेंटच्या जागेसाठी आहे तसा ठीक. पण जागा प्रोटीन सायन्सची असेल तर झेड-प्राइममध्ये त्यांना तेवढा रस नसणार. तिथे मी त्याच कामातला एन्झाइमचा भाग पुढे आणला: एन्झाइम बर्फावर ठेवलं की काही तासांत ॲक्टिव्हिटी उतरायची, मग छोटे छोटे अलिक्वॉट करून लिक्विड नायट्रोजनमध्ये झटक्यात गोठवून उणे ८० ला ठेवले, प्रत्येक बॅचची ॲक्टिव्हिटी एकाच संदर्भ बॅचशी ताडून पाहायची पद्धत लावली, आणि छोट्या व्हॉल्यूममुळे एक प्रेप जिथे दोन आठवडे पुरायची तिथे दोन महिने पुरायला लागली. ऑटोमेशनची जागा असती तर ९६ वरून ३८४ ला जाताना मल्टिचॅनल पिपेटने कुठे गडबड व्हायची आणि डिस्पेन्सर कसा बसवला ते पुढे आलं असतं.

जाहिरातीत कुठले शब्द परत परत येतायत ते बघा आणि तुमच्या कामाला तोच शब्द खरोखर लागू होत असेल तर तोच वापरा. ते "मेथड ट्रान्सफर" म्हणत असतील आणि तुम्ही "शेजारच्या लॅबला प्रोटोकॉल दिला" म्हणत असाल तर गोष्ट एकच आहे पण त्यांना ओळखू येणार नाही. लागू होत नसेल तर मात्र वापरू नका. जीएमपीच्या बाबतीत हे फार होतं, कोणीतरी दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करतं आणि स्किल्समध्ये "जीएमपी" टाकून मोकळं होतं. ज्याने खरोखर जीएमपीत काम केलंय तो दोन प्रश्नांत ओळखतो, उदाहरणार्थ डेव्हिएशन कधी लिहिलंत विचारलं की आपण गप्प. सरळ "जीएमपीचं प्रशिक्षण घेतलंय, प्रत्यक्ष काम नाही" असं लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ५: "आम्ही" मधून "मी" वेगळं काढा

ॲकॅडेमियात आपल्याला "आम्ही" लिहायची सवय, पेपरची भाषाच ती. रेझ्युमेत वाचणाऱ्याला तुमचा वाटा हवा असतो. पण म्हणून सगळंच स्वतःच्या नावावर घेऊ नका, लोक एकमेकांना ओळखतात आणि रेफरन्सला फोन जातातच. मी साधा नियम ठेवला, की बुलेटमधलं प्रत्येक क्रियापद माझ्या गाइडसमोर मोठ्याने वाचता आलं पाहिजे. माझ्या किस्स्यात कंपाउंड्सचा संच दुसऱ्या ग्रुपने दिलेला होता, आणि कंपाउंड्सची रासायनिक बाजू एक केमिस्ट बघायचा, म्हणून मी "इनहिबिटर शोधले" असं लिहिलं नाही. ॲसे बांधला, स्क्रीन चालवला, हिट तपासले, एवढं माझं. "केमिस्टबरोबर १५ हिटपैकी कुठले पुढे न्यायचे ते ठरवलं" हे वेगळ्या ओळीत लिहिलं, आणि ती ओळ उलट फायद्याची ठरली कारण दुसऱ्या विषयाच्या माणसाबरोबर काम केल्याचं त्यातून आपोआप दिसतं.

याच पायरीत आणखी एक बघून घ्या, गुप्तता. न छापलेला डेटा, भागीदार कंपनीचं कंपाउंड, पेटंट टाकायच्या तयारीत असलेलं काही, यातलं काहीही नावानिशी रेझ्युमेत येता कामा नये. टार्गेटचं नाव न घेता "एक किनेज" म्हणून चालतं, आकडे तसेच ठेवता येतात, आणि शंका असेल तर गाइडला विचारून घ्या. रेझ्युमेत जुन्या लॅबची गुपितं सांगणारा उमेदवार उद्या आमचीही सांगेल असं कंपनीला वाटणं साहजिक आहे.

पायरी ६: पानावर मांडणी

यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण बहुतेक लोक उलटं करतात, आधी टेम्प्लेट शोधतात आणि मग मजकूर. दोन पानं. वर नाव आणि संपर्क, मग तीन ओळींचा सारांश, मग अनुभव, मग स्किल्स, मग शिक्षण, आणि शेवटी पेपर.

सारांशात "मेहनती, जिज्ञासू संशोधक" वगैरे नको. तुम्ही कुठल्या प्रकारचे प्रॉब्लेम सोडवता ते लिहा: "बायोकेमिस्ट, ६ वर्षं एन्झाइम ॲसे बांधणं आणि बिघडलेले ॲसे दुरुस्त करणं, ९६ आणि ३८४ वेल स्क्रीनिंग, प्रोटीन प्रेपपासून हिट तपासणीपर्यंत." त्या सीनिअरच्या सोमवार सकाळच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळायला हवं.

स्किल्समध्ये पीसीआरपासून पीएच मीटरपर्यंत चाळीस नावं ओतू नका. जे उद्या कोणाच्या मदतीशिवाय करू शकता ते आणि जे फक्त पाहिलंय किंवा एकदा केलंय ते, दोन्ही एका रांगेत बसवलं की वाचणारा सगळ्यावरच अर्धा विश्वास ठेवतो. मी दोनच गट केले, "स्वतंत्रपणे" आणि "ओळख आहे", दुसरा गट छोटा.

अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअरमधून जातो आणि ते फाइलमधला मजकूर उपसून घेतं. दोन कॉलमची मांडणी, टेबल, टेक्स्ट बॉक्स, हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर यात तिथे गोंधळ होऊ शकतो. तपासायचा सोपा उपाय म्हणजे पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि वरून खाली वाचा. ओळी एकमेकांत घुसल्या असतील, मायक्रोचं चिन्ह गायब होऊन मायक्रोलिटरचं नुसतं लिटर झालं असेल (माझं झालं होतं!), तर मांडणी साधी करा.

पेपर मग कुठे गेले?

एका ओळीत. "७ शोधनिबंध, त्यातले ३ पहिल्या लेखिकेच्या नात्याने" आणि पुढे ORCID ची लिंक. ज्याला बघायचंय तो क्लिक करेल. इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाका, पोस्टर आणि कॉन्फरन्स काढून टाका, शिकवण्याचा अनुभव एखाद्या ओळीत.

अपवाद आहे, तो पण सांगते. जागा अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या संशोधनाची असेल आणि त्यांच्याच टार्गेटवर किंवा त्यांच्याच तंत्रावर तुमचा पेपर असेल, तर तो नावानिशी ठेवा, जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येकाखाली एक ओळ की त्यातलं तुमचं काम कुठलं. काही कंपन्यांमध्ये संशोधक स्वतः पेपर लिहितात, तिथे लोक पेपर वाचूनच बोलावतात. पण तिथेही अनुभवाच्या बुलेट वर आणि पेपर खाली, हा क्रम मी बदलणार नाही.

पायरी ७: दोघांना वाचायला द्या

एक तुमच्या क्षेत्राबाहेरचा शास्त्रज्ञ आणि एक क्षेत्रातला, शक्यतो खडूस. बाहेरच्याला अर्धा मिनिट वाचू द्या, कागद काढून घ्या आणि विचारा की मी कुठले प्रॉब्लेम सोडवते. त्याने "तुम्ही किनेजवर काम करता" असं म्हटलं तर विषय कळला, काम नाही कळलं, परत पायरी ३. "तुमचा टेस्ट नीट चालत नव्हता, तुम्ही कारण शोधून तो चालता केलात" असं काहीसं म्हणाला तर जमलं.

क्षेत्रातल्या खडूस माणसाला सांगा की प्रत्येक आकड्यावर "कसं मोजलं?" विचार. ०.६७ हा एका प्लेटचा की सगळ्या प्लेट्सचा? सगळ्यात वाईट प्लेट कितीची होती? १८ हिट कुठल्या कटऑफला? ११ वरून १५ झाले म्हणजे आधीच्या फेरीत खरे हिट सुटलेही होते का? या शेवटच्या प्रश्नावर मी पहिल्यांदा अडखळले होते. नोटबुक परत काढल्यावर कळलं की हो, चार सुटले होते, कडेच्या विखुरलेपणाने कटऑफच इतका वर गेला होता की कमी ताकदीचे इनहिबिटर त्याखाली राहिले. मग ते उत्तर बुलेटच्या बाजूला माझ्या खासगी फाइलमध्ये लिहून ठेवलं. ज्या आकड्याचं असं उत्तर देता येत नाही तो आकडा रेझ्युमेतून काढा, कितीही सुंदर असला तरी.

आणि ते नऊ पानांचं जुनं भेंडोळं डिलीट करू नका. इंटरव्ह्यूच्या पुढच्या फेरीत बऱ्याच ठिकाणी तासाभराचं प्रेझेंटेशन देऊन आपलं काम सांगायला लावतात, तेव्हा कुठला डेटा कुठल्या पेपरात, कुठल्या आकृतीत आहे हे त्यातूनच पटकन सापडतं. मी प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड म्हणून तो कडेचे वेल वेगळे दिसणारा, बिघडलेल्या प्लेटचा रंगीत नकाशा लावला होता.